वरचा ठोकळा घसरण्याआधी खालच्याला किती ओढता येतं?

प्रश्न: वरचा ठोकळा २ किलो, खालचा ३ किलो. दोघांमध्ये μ = ०.४, खालच्याचं जमिनीशी ०.२, g = १०. वरचा घसरू नये, तर खालच्याला जास्तीत जास्त किती बल लावायचं? मी ०.४ × २ × १० = ८ न्यूटन काढलं, पुस्तकात ३० आहे. (पीयूसी पहिलं वर्ष, खानापूर)

उत्तर: तुमचे ८ न्यूटन बरोबर आहेत, फक्त ते हाताचं बल नव्हे. खालचा ठोकळा घर्षणानं वरच्याला जास्तीत जास्त तेवढं ओढू शकतो.

मी निपाणीत पीयूसीच्या मुलांची शिकवणी घेतो. हे गणित आलं की पाटावर वीट ठेवतो आणि पाटाला दोरी बांधून एका मुलाच्या हातात देतो. सावकाश ओढलं की वीट पाटाबरोबर जाते. झटका दिला की पाट पुढं निसटतो आणि वीट मागच्या कडेकडं सरकते. मग विचारतो, विटेला तर दोरी नाही, मग तिला पुढं कोण नेतं? फक्त पाटाचं घर्षण. म्हणजे विटेवरचं घर्षण पुढच्या दिशेनं आहे. निम्मी मुलं इथंच बाण उलटा काढतात, कारण घर्षण नेहमी मागं ओढतं असं डोक्यात बसलेलं असतं. ते विरोध करतं दोन पृष्ठभागांच्या एकमेकांवरून घसरण्याला, पुढं जाण्याला नव्हे.

आता वरच्या ठोकळ्याकडंच बघा. ८ न्यूटन, २ किलो, म्हणजे त्वरण फार तर ४ m/s². खालचा यापेक्षा जोरात निघाला तर वरचा मागं पडणारच. ही मर्यादा a = μg आहे, वरचं वस्तुमान त्यात उरतच नाही.

मग दोघांना मिळून एकच ५ किलोचा ठोकळा समजा. आतलं घर्षण एकमेकांत मिटतं, हिशेबात येत नाही. जमीन मात्र मागं ओढते, आणि तिच्यावर भार दोघांचा आहे:

०.२ × ५ × १० = १० न्यूटन
F − १० = ५ × ४
F = ३० न्यूटन

जमिनीचं घर्षण काढताना फक्त खालचे ३ किलो धरले तर उत्तर २६ येतं. तपासताना ती चूक आम्हाला लगेच ओळखू येते.

ताळा असा करा. F = २० घेतलं तर त्वरण (२० − १०) ÷ ५ = २, वरच्याला लागणारं घर्षण ४ न्यूटन. हे ८ पेक्षा कमी, म्हणून दोघं एकत्र जातात. घर्षण ८ नसून ४ आहे, हेही लक्षात घ्या. स्थितिक घर्षण गरजेपुरतंच येतं, μN ही त्याची फक्त कमाल. F = ४० घेतलं तर त्वरण ६ येतं, वरच्याला १२ न्यूटन लागतील आणि तेवढं मिळत नाही. म्हणून तो घसरतो. तिथून पुढं दोघांचं त्वरण एकच धरायचं नाही, गतिक घर्षणांक घेऊन प्रत्येकाचं समीकरण वेगळं मांडायचं.