परिपाठात चिडवण्यावर बोलायचं, पण त्या मुलाकडे बोट न जाता

"माझ्या सहावीच्या वर्गातल्या एका मुलाला डोक्यात चाई पडली आहे. मुलं त्याला 'नकाशा' म्हणतात. परिपाठात पाच मिनिटं बोलायला मुख्याध्यापकांनी सांगितलंय. नाव घेतलं तर तो आणखी कानकोंडा होईल आणि नाही घेतलं तरी सगळ्यांना कळणारच. बोलू काय?" – एक वर्गशिक्षिका

बाई, भाषण नंतर. अशीच एक केस माझ्याकडे आली होती, तेव्हा मी आधी त्या मुलाशी बोलले. तो वर्गातही टोपी काढत नव्हता आणि पी.टी.च्या दिवशी हमखास पोट दुखायचं. मला वाटलं होतं, त्याला टोपणनावाचा त्रास होतोय. त्याचं म्हणणं वेगळंच होतं. "ताई, नावाचं एवढं नाही. ते डबा लांब सरकवतात." मुलांना वाटत होतं, हे आपल्यालाही लागेल.

म्हणून आम्ही दोन गोष्टी वेगळ्या केल्या. चाईची माहिती विज्ञानाच्या सरांनी वर्गात दिली. शरीराची स्वतःचीच संरक्षक यंत्रणा केसांच्या मुळांवर उलटते, म्हणून तेवढ्या भागातले केस गळतात. डबा, कंगवा, टोपी कशानेही ती पसरत नाही. (डोक्यात होणारं गजकर्ण मात्र पसरतं. वरून दोन्ही सारखं वाटू शकतं, त्यामुळे त्वचारोगतज्ज्ञांनी नक्की काय आहे ते सांगितल्यावरच सरांनी तोंड उघडलं.) त्या तासाला वर्गात थांबायचं की नाही, हे मुलाने ठरवलं. तो ग्रंथालयात जाऊन बसला.

परिपाठात चाईचा शब्दही नव्हता. तिथे बोलणं झालं ते साधारण असं:

"मुलांनो, डोळे मिटा. तुमच्या दिसण्यावरून कुणीतरी बोललेलं एखादं वाक्य आठवा. रंग, उंची, दात, चष्मा, वजन, काहीही. हात वर करायचा नाही, कुणाला सांगायचं नाही. आठवलं? आता हे बघा, ते कोण बोललं, कुठे बोललं, तेव्हा कोण हसलं, हेही आठवतंय ना? कदाचित दुसरीतलं असेल, कदाचित घरचंच कुणी असेल. बोलणाऱ्याला विचारलंत तर तो म्हणेल, 'मी असं कधी म्हटलं?' त्याला खरंच आठवत नसेल. ज्याला बोललं जातं, तो मात्र आरशासमोर उभा राहिला की ते ऐकतो.

मग दिसण्याबद्दल बोलायचंच नाही का? बोला की. दातात कोथिंबीर अडकली असेल, शर्टाचं बटण उघडं असेल, तर कानात सांगा, तो लगेच नीट करेल. जे त्याला आत्ता उभ्या उभ्या बदलता येणार नाही, त्यावर बोलू नका. आणि दुसरा कुणी बोलला तर हसू नका. भांडायला जायची गरज नाही. त्या मुलाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारा आणि डबा खायला शेजारी बसा."

एवढंच. एकही टोपणनाव उदाहरणादाखल घेतलं नाही. मोठ्या माणसांनी व्यासपीठावरून 'जाड्या, काळ्या म्हणू नका' असं सांगितलं की मधल्या सुट्टीपर्यंत तेच दोन शब्द सगळ्या शाळेत फिरतात. 'तूसुद्धा सुंदरच आहेस' हेही टाळलं. त्याने विषय पुन्हा दिसण्यावरच येतो, आणि अकरा वर्षांच्या मुलाला ती समजूत लगेच ओळखू येते.

नाव पाडणारी दोन मुलं होती. त्यांना वेगवेगळं बोलावलं. सर्वांसमोर माफी मागायला लावलं नाही, कारण माफीच्या निमित्ताने ते नाव आणखी एकदा उच्चारलं गेलं असतं. एकाचं उत्तर मला अपेक्षितच होतं, "गंमत होती, तोपण हसायचा." चिडवलं गेलेलं मूल हसतं, कारण नाही हसलं तर जास्त चिडवतात. हे त्याला सांगितल्यावर तो गप्प झाला. पटलं की नाही, देव जाणे, पण वर्गात ते नाव थांबलं.

व्हॅनमध्ये थांबलं नाही. तिथे वरच्या वर्गातली मुलं होती, त्यांच्यापर्यंत परिपाठ पोचलाच नव्हता. शेवटी आईने व्हॅनवाल्या काकांशी बोलून त्याची जागा पुढे करून घेतली. आईला मी आणखी एक सांगितलं, येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर "याचं कसं होणार" हे घरात बंद करायचं. आजींना ते जड गेलं.

तुमच्या मुलाला वर्गात टोपी घालायची परवानगी मुख्याध्यापकांकडून आधीच घेऊन ठेवा, गणवेशाच्या नियमावरून रोज अडवणूक नको. चाईत नवीन केस बरेचदा आधी पांढरे येतात, हे त्याला डॉक्टरांकडून आत्ताच कळू द्या, नाहीतर बरं होतानाच नवं नाव पडायचं. पुढचे काही आठवडे डब्याच्या वेळी तो कुणाजवळ बसतो ते लांबून बघा. सकाळची पोटदुखी वाढली, डबा तसाच परत जाऊ लागला किंवा 'मी नसतो तर बरं' असं काही कानावर आलं, तर दुसऱ्या परिपाठाची वाट पाहू नका. त्याच दिवशी पालकांना बोलवा आणि समुपदेशकांशी गाठ घालून द्या.