देह ओरोसला, अग्नी पुतळ्याला

«बाबांनी देहदानाचा अर्ज भरून ठेवला आहे. ते आता अंथरुणावर आहेत. आई म्हणते, अग्नीच दिला नाही तर दहा दिवस दगड कोणता पुजायचा? काका म्हणतात, गती मिळणार नाही, आणि ते सही करायला तयार नाहीत. दादा मुंबईला असतो. आमचं घर देवगड तालुक्यात. बाबांची इच्छा आणि आईचं समाधान दोन्ही होईल का?»

ताई, दोन्ही होईल. फक्त क्रम पाळा: आधी देह, मग विधी. देहाला तासांचं बंधन आहे, विधीला दिवसांची मुभा आहे. घरोघरी गडबड होते ती हा क्रम उलटा धरल्यामुळे.

देहाला एवढी घाई का, ते काकांनाही सांगा. शरीररचनाशास्त्र विभागात मांडीच्या किंवा मानेच्या धमनीतून फॉर्मेलिनचं द्रावण सोडतात आणि ते रक्तवाहिन्यांमधूनच सगळ्या अंगात पोचतं. कोकणच्या दमट उकाड्यात देह लवकर फुगायला लागतो, मग द्रावण नीट पसरत नाही. शवविच्छेदनात वाहिन्या कापल्या जातात म्हणून तसा देह नाकारतात. कावीळ बी, एचआयव्ही, क्षयरोग, अंगात पसरलेला जंतुसंसर्ग आणि खोल चिघळलेल्या पाठीच्या जखमा ही नकाराची नेहमीची कारणं. बाबा अंथरुणावर आहेत, म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणं त्यांच्या आरामासाठी तर हवंच, पण त्यांच्या इच्छेसाठीही हवं. नेत्रदान मात्र देहदानाच्या आड येत नाही. ते सहा तासांच्या आत व्हायला हवं.

तुम्हाला सोयीचं म्हणजे ओरोसचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. रत्नागिरीलाही आता शासकीय महाविद्यालय आहे आणि सावर्ड्याजवळ डेरवणला खासगी आहे, पण तुमच्या घरून ते लांब पडतं. अर्ज ज्या महाविद्यालयाचा, तिथे आत्ताच फोन करून विचारा: रात्री देह घेता का, रविवारी आणि गणपतीच्या सुट्टीत कोण असतं, गाडी पाठवता की आम्ही आणायची. घरी मृत्यू झाला तर कारणाचा दाखला, म्हणजे नमुना ४-अ, बाबांना नियमित तपासणारे डॉक्टर देतात. शेवटच्या काही महिन्यांत कोणी डॉक्टर त्यांना बघायलाच आले नसतील तर दाखला अडतो, प्रकरण पोलिसांत आणि तिथून शवविच्छेदनाकडे जाऊ शकतं. म्हणून डॉक्टरांना आत्तापासून येऊन जायला सांगा.

काकांच्या सहीबद्दल स्पष्ट सांगते. अर्ज कितीही पक्का असला तरी त्या दिवशी घरच्यांनी विरोध केला तर महाविद्यालय देह घेत नाही. तेव्हा आई आणि दादा यांची संमती आजच घ्या, आणि काकांना दारात वाद घालायची वेळ येऊ देऊ नका. त्यांची शंका भटजींच्या तोंडूनच फिटेल.

समजा पहाटे चारला बाबा गेले आणि दादा मुंबईला आहे. रस्त्याने यायला त्याला नऊ-दहा तास लागतील, पण चाकरमान्यांची वाट बघत देह ओटीवर ठेवून चालणार नाही. जवळच्या सरकारी रुग्णालयात शवागार असेल तर देह तिथे न्या, नाहीतर सरळ ओरोसला पोचवून दादाला तिथेच दर्शन घ्यायला सांगा. शवागार मिळेपर्यंत जेटीवरच्या बर्फाच्या कारखान्यातून बर्फ आणून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरा आणि पोटाशी, छातीशी, मानेशी लावा. उघडा बर्फ अंगावर टाकू नका, पंखा चालू ठेवा.

घरी जे करायचं ते थोडक्यात. स्नान किंवा ओल्या कपड्याने अंग पुसणं, नवीन वस्त्र, ओठांवर तुळशीपत्र, डोक्याशी दिवा, सगळ्यांची प्रदक्षिणा आणि नमस्कार. तोंडात तांदूळ किंवा पिंड घालू नका, तूप-कापूर अंगाला लावू नका. दागिने काढून घ्या. एवढ्याला तासभरही लागत नाही.

आता आईचा प्रश्न. देह हाती नसेल तर काय करायचं याची तरतूद धर्मशास्त्रात जुनीच आहे. परदेशात किंवा पाण्यात गेलेल्यांसाठी पुतळा करून दहन करतात, त्याला पालाशविधी म्हणतात. गरुडपुराणात त्यासाठी ३६० पळसाचे देठ सांगितलेत: डोक्याला ४०, दोन हातांना मिळून १००, दोन मांड्यांना १००, असे अंगाप्रमाणे. माणसाच्या अंगात ३६० हाडं धरायची ही जुनी मोजणी. देठ लोकरीच्या धाग्याने बांधतात, वर जवाच्या पिठाचा लेप देतात आणि डोक्याच्या जागी नारळ ठेवतात. पळस नाही मिळाला तर दर्भाचा पुतळा चालतो. पंचकात गेलेल्याबरोबर पाच दर्भाच्या पुतळ्या जाळतात, त्यामुळे दर्भाला माणूस मानणं भटजींना नवीन नाही.

बहुतेक भटजी सांगतात तो क्रम असा. देह सुपूर्द करून परत या, स्नान करा, मग त्याच दिवशी किंवा दहाव्याच्या आत सोयीने स्मशानात पुतळ्याला दादाने अग्नी द्यायचा. तिथेच पाण्याचं मडकं घेऊन प्रदक्षिणा घालायच्या. नेहमीप्रमाणे ज्या दगडाने मडक्याला भोक पाडतात तोच दगड म्हणजे अश्मा, आपल्याकडचा जीवखडा. आईचा दगड हा. दहा दिवस त्याच्यावरच तिलांजली द्यायची. पुतळ्याची राख गोळा करून खाडीच्या मुखाशी विसर्जन करतात, ती अस्थींच्या जागी.

काही भटजी मात्र म्हणतात, देह जिवंत माणसाने स्वखुशीने दिला आहे, तो हरवलेला नाही, तेव्हा पुतळा नको. मग ते नदीतला दगड घेऊन त्याचीच स्थापना करतात आणि दहावा, अकरावा, बारावा, तेरावा नेहमीसारखे करतात. दोन्ही रीती चालतात. आईची ओढ अग्नीकडे आहे, म्हणून मी पुतळ्याची रीत धरेन. तुमच्या भटजींना कोणती मान्य आहे ते मात्र आत्ताच ठरवून घ्या.

सुतक कुठून मोजायचं यावर हमखास वाद होतो. अग्निहोत्र्याचं दहनापासून, बाकी सगळ्यांचं मृत्यूच्या दिवसापासून. बाबांचे दहा दिवस मृत्यूपासूनच धरा, पुतळा तिसऱ्या दिवशी जाळला तरी. पुढे महाविद्यालय अभ्यास संपल्यावर उरलेल्या देहाची विल्हेवाट स्वतः लावतं, राख सहसा घरी येत नाही. त्यासाठी पुन्हा काही करायचं नसतं, हे आईला आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती वर्षभर निरोपाची वाट बघत राहील.

दहाव्याला कावळा शिवला नाही की कोणीतरी म्हणणार, देह दिला म्हणून. पावसाळ्यात, वाऱ्यात, चितेवर गेलेल्यांच्या पिंडालाही कावळा शिवत नाही. भटजींशी आधीच ठरवा: किती वेळ थांबायचं आणि मग दर्भाचा कावळा करून शिवायचा. हे आईच्या कानावर भटजींनीच घालावं.

महाविद्यालयाकडून देह मिळाल्याची पावती त्याच वेळी घ्या. स्मशानाच्या पावतीच्या जागी ग्रामपंचायतीत तीच लागते, आणि मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. नमुना ४-अ ची झेरॉक्स काढून ठेवा, कारण मूळ प्रत देहाबरोबर मागतात आणि मग नोंदीच्या वेळी हात रिकामे राहतात.

भटजींना या आठवड्यात घरी बोलवा, काकाही असतील अशा वेळी. बाबांना बोलता येतंय तोवर त्यांच्यासमोरच हे सगळं विचारा.