फोटोवरून वाइन खराब झालीय का ओळखता येतं का?

प्रश्न: कपाटात २०१७ ची रेड वाइन सापडली, उभीच ठेवलेली होती. फोटो टाकलाय. बूच, सील बघून खराब झालीय का कळेल का?

बऱ्यापैकी कळतं, आणि तुमच्या फोटोत मला जे दिसतंय तेच मी नागपुरात माझ्या साडूंच्या शोकेसमध्ये बघितलं होतं. बाटलीच्या तोंडावरचं फॉइल सपाट नाहीये, मधे टेंगूळ आलंय. उन्हाळ्यात वाइन तापली की फुगते आणि बुचाला खालून वर ढकलते, ते फॉइलवर उठून दिसतं.

साडूंची बाटली आठ वर्षं ट्यूबलाइटखाली उभी, आणि नागपूरचा मे महिना म्हणजे ४५ डिग्री. मी म्हटलं भाऊ ही गेलीय, तर म्हणाले अहो वाइन म्हणजे लोणचं आहे, मुरू द्या की! फॉइल धरून फिरवायला गेलो तर जागचं हलेना, कारण बुचाच्या कडेने वाइन पाझरून आत चिकट झाली होती, लेबलवरही वरून खाली एक तपकिरी ओघळ होता. शिवाय पातळी. नव्या बाटलीत बूच आणि वाइन यात साधारण बोटभर जागा असते, इथे वाइन मानेच्या खाली, खांद्यापर्यंत उतरलेली. उभ्या बाटलीत बूच सुकून आकसतं, हवा आत जाते. तरीही पंधरा जणांसमोर उघडली. रंग विटकरी, वास उकळलेल्या मनुकांचा आणि मागून व्हिनेगर. साडूंनी हट्टाने अख्खा ग्लास संपवला आणि मूड घालवला म्हणून बोलणी मी खाल्ली.

गंमत म्हणजे ह्याच माणसाने नंतर मी नाशिकहून नेलेली चांगली व्हाइट वाइन बेसिनमध्ये ओतली, का तर तळाला काचेचा चुरा दिसला. अहो ते टार्टारिक ॲसिडच्या क्षाराचे खडे, थंडीत बसतात, काही अपाय नाही. तसंच फॉइलखाली बुचाच्या डोक्यावर काळी बुरशी असली तरी घाबरू नका, बाटली दमट जागी होती एवढाच अर्थ, पुसून घ्या. आपण नको तिथे घाबरतो आणि जिथे घाबरायला पाहिजे तिथे म्हणतो मुरू द्या.

आपल्याकडच्या साध्या वाइन दोन-तीन वर्षांत संपवायच्याच असतात, त्यामुळे तुमच्या बाटलीकडून मला फारशी आशा नाही.

पण हां, तीस वर्षं जुन्या बाटलीत पातळी थोडी उतरलेली चालते. आणि बुचामुळे ओल्या पुठ्ठ्यासारखा वास लागला असेल तर तो फोटोत दिसत नाही, नाकालाच कळतो. बिघडलेली वाइन घोटभर चाखल्याने काही होत नाही, फक्त तोंड वाकडं होतं. फिरकीचं झाकण असेल तर बुचाचं वरचं काही लागू नाही, झाकणाला पोचा आलाय का बघा.

तुमच्या बाटलीचं फॉइल फिरतंय का ते सांगा, आणि पातळीचा फोटो खिडकीसमोर धरून काढा, ह्या फोटोत फ्लॅशमुळे मान दिसतच नाहीये.