१०८ चा शेअर ७५ ला, पण मालकालाच नको

प्रश्न: सासऱ्यांनी घेतलेले एका कंपनीचे ४,००० शेअर आता माझ्या नावावर आहेत. शेअरमध्ये आमचे तेवढेच पैसे आहेत. कंपनीने राइट्स इश्यू, म्हणजे जुन्या भागधारकांनाच नवे शेअर घ्यायचा हक्क, जाहीर केलाय: दोन शेअरमागे एक, ७५ रुपयांनी. आधी भाव १२० होता, घोषणेनंतर १०८ झाला. हा हक्क कोणाला मिळणार हे ज्या दिवशी ठरते ती रेकॉर्ड डेट अजून यायची आहे. आमचे सब-ब्रोकर म्हणतात, १०८ चा माल ७५ ला मिळतोय, शेअरमागे ३३ रुपये तिथल्या तिथे सुटतात आणि सहा महिन्यांत भाव १५० होईल. शिवाय प्रवर्तक स्वतःच्या वाट्याचे शेअर घेणार नाहीत, त्यामुळे आपल्याला जादाही मिळू शकतील. दीड लाख लागतील. ते आंब्याच्या पीक कर्जातून घालू की एफडी मोडू?
— एक बागायतदार, देवगड

उत्तर: ताई, दोन्ही नको. पैसे कुठून आणायचे हा प्रश्न नंतरचा. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची बातमी तुम्ही शेवटाकडे, फायदा म्हणून लिहिली आहे: प्रवर्तक स्वतः शेअर घेणार नाहीत. आधी त्या ३३ रुपयांचा हिशेब संपवू, मग तिकडे येऊ.

आज १०८ च्या भावात जुना शेअर आणि नव्या शेअरचा हक्क असे दोन्ही धरलेले आहे. दोन जुने शेअर म्हणजे २१६ रुपये. त्यात तुमचे ७५ घाला, झाले २९१. हे आता तीन शेअरांत वाटले जातील, म्हणजे एकाला ९७. रेकॉर्ड डेटच्या सुमारास हक्क वेगळा झाला की भाव आपसूक ९७ च्या आसपास येईल. तेव्हा ७५ ला घेतलेला नवा शेअर ९७ चा असेल, १०८ चा नव्हे. त्यावर दिसणारे २२ रुपयेसुद्धा नफा नाहीत. तुमच्याच जुन्या शेअरांतून प्रत्येकी ११ रुपये निघून ते तिथे गेलेले असतात. पूर्ण हिशेब पाहा: आज ४,००० शेअरांचे ४ लाख ३२ हजार होतात. दीड लाख भरलेत तर ६,००० शेअर गुणिले ९७, म्हणजे ५ लाख ८२ हजार. तुमचे ४ लाख ३२ हजार अधिक तुमचेच दीड लाख. एक रुपया सुटलेला नाही. कंपनीने ७५ ऐवजी ५० भाव ठेवला असता तरी गणित असेच शून्यावर आले असते. सवलत दाखवून राइट्स विकणाऱ्याला एक तर हा हिशेब येत नाही, किंवा येत असून तो तुम्हाला सांगत नाही. दोन्ही प्रकारची माणसे मी रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत पाहिली आहेत.

म्हणजे १२० वरून ९७ असा जो २३ रुपयांचा उतार तुम्हाला दिसेल, त्यातले ११ रुपये निव्वळ वाटणीचे आहेत. ते तुमच्या हक्काच्या रूपाने तुमच्याकडेच राहतात. पण १२० चे १०८ झाले ते १२ रुपये खरे गेले. तुमच्या शेअरांवर ४८ हजार. हक्क अजून वेगळा झालाच नव्हता, तरी भाव पडला. का पडला, हेच समजून घ्यायला हवे.

हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले कळेल, कारण तुम्ही बाग सांभाळता. मोहोर आल्यावर एखादा बागायतदार बाग कराराने द्यायला निघतो, तेव्हा व्यापारी पहिली शंका काय घेतो? झाडे मालक रोज बघतो, व्यापारी एकदा फिरून जातो. मोहोर जोमदार असता, तुडतुडे आणि भुरी आटोक्यात असती, तर मालकाने फवारणीसाठी कर्ज काढले असते आणि फळ स्वतः उतरवून विकले असते. तो बाग द्यायला निघाला, याचाच अर्थ त्याला काहीतरी दिसले असावे. म्हणून व्यापारी भाव पाडून मागतो. भाव पडलेला पाहून चांगल्या बागेचा मालक मागे फिरतो, आणि करारासाठी येणाऱ्या बागांत दुखणाईत बागांचे प्रमाण आणखी वाढते. याउलट तोच मालक कर्ज मागायला गेला तर सोसायटी एवढेच बघते की परतफेड होईल ना. पीक उत्तम येवो की साधारण, तिला ठरलेले व्याजच मिळणार. त्यामुळे मालकाला काय जास्त माहीत आहे, याची तिला तेवढी धास्ती नसते.

शेअर आणि कर्ज यांतला फरक नेमका हाच. स्टुअर्ट मायर्स आणि निकोलस मजलुफ यांनी १९८४ मध्ये तो गणिताने मांडला. आतल्यांना बाहेरच्यांपेक्षा जास्त माहिती असते, म्हणून कंपन्या आधी स्वतःच्या नफ्यातून पैसे काढतात, मग कर्ज घेतात, आणि शेअर सर्वांत शेवटी विकतात. त्याआधी १९७७ मध्ये स्टीफन रॉस यांनी दुसरी बाजू दाखवली होती: कर्ज वाढवणारी कंपनी दर वर्षी ठरलेले व्याज भरायची जबाबदारी अंगावर घेते, आणि कमजोर कंपनीला ती नक्कल परवडत नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकात घोषणेच्या दिवसाचे भाव तपासले गेले, तेव्हा औद्योगिक कंपन्यांच्या नव्या शेअरविक्रीच्या बातमीवर भाव सरासरी तीनेक टक्के उतरताना दिसला. साध्या कर्जरोख्यांच्या बातमीवर जवळजवळ काहीच नाही. वीज-गॅस पुरवणाऱ्या कंपन्यांत उतार बराच कमी होता, कारण त्यांना वरचेवर भांडवल लागते हे सगळ्यांना आधीच ठाऊक असते. त्यांच्या विक्रीतून नवे काही कळत नाही.

राइट्स इश्यूत तर खरे म्हणजे उतार आणखी कमी असायला हवा. शेअर बाहेरच्याला नव्हे, आहे त्याच भागधारकांना विकले जातात, प्रवर्तकही त्यात असतात. सगळ्यांनी आपापला वाटा घेतला तर महाग विकून कोण कोणाला फसवणार? ही समजूत मात्र प्रवर्तक पैसे घालत असतील तोवरच टिकते. ते बाजूला झाले की राइट्स इश्यू हा मालकाने इतरांना बाग कराराने देण्यासारखाच होतो. तुमच्या कंपनीचा भाव तीन नव्हे, दहा टक्के पडला, त्याचे मुख्य कारण मला इथे दिसते. (त्या दिवशी निर्देशांकही पडला होता का, ते बघून घ्या. तो दोन टक्के पडला असेल तर कंपनीच्या नावावर आठच टक्के लिहायचे.)

आता उलट बाजू. २०२० च्या मे महिन्यात रिलायन्सने ५३,१२५ कोटींचा राइट्स इश्यू आणला, १५ शेअरमागे एक, १,२५७ रुपयांनी. प्रवर्तकांनी आपला पूर्ण वाटा घेऊ आणि उरलेलेही उचलू असे आधीच लिहून दिले होते. कर्ज कमी करायला शेअर विकले जात होते, तरी बाजाराने ते दुखण्याचे लक्षण मानले नाही, कारण मालकाचा हात खिशात गेलेला दिसत होता. पण प्रवर्तकांची सही म्हणजे हमी नव्हे, हेही लक्षात ठेवा. २०१९ मध्ये व्होडाफोन आयडियाच्या २५,००० कोटींच्या इश्यूत, साडेबारा रुपये भावाने, दोन्ही प्रवर्तक गटांनी मोठ्या रकमा घातल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा एजीआरचा, म्हणजे सरकारला द्यायच्या महसूल-हिश्श्याच्या थकबाकीचा, निकाल आला आणि आधीच बराच घसरलेला शेअर आणखी कोसळला. आतल्या माणसाला कंपनीतले जास्त कळते. न्यायालयात काय होणार, हे त्यालाही कळत नाही.

म्हणून तुमच्या कंपनीचे लेटर ऑफ ऑफर, म्हणजे इश्यूचे माहितीपत्रक, उघडा. ते शेअर बाजाराच्या आणि सेबीच्या संकेतस्थळावर मिळते. दोनच जागा वाचा. पहिली, प्रवर्तक शेअर का घेत नाहीत. त्यांचा वाटा आधीच ७५ टक्क्यांच्या कमाल मर्यादेला टेकला असेल तर जादा शेअर न मागण्याचे कारण समजू शकते, पण स्वतःचा वाटासुद्धा सोडण्याचे ते कारण नव्हे. हक्क स्वतःच्याच गटातल्या दुसऱ्या कंपनीला देत असतील, तर तो घेतल्यासारखाच धरा. दुसरी जागा, पैसे कशाला हवेत. नव्या कारखान्यासाठी असतील तर एक गोष्ट. जुने कर्ज फेडायला आणि ‘सर्वसाधारण कामकाजासाठी’ असतील, तर बँकेने आणखी कर्ज द्यायला नकार दिला असण्याची शक्यता धरूनच पुढे चला. अशा कंपनीने उद्या बारा टक्क्यांचे कर्जरोखे काढले आणि हेच सब-ब्रोकर ते घेऊन आले, तरी घेऊ नका. रॉस यांचे म्हणणे बँका आनंदाने कर्ज देतात त्या कंपनीला लागू पडते.

जादा शेअर मिळतील या आशेबद्दल. जादा शेअर तेव्हाच भरपूर मिळतात, जेव्हा बाकीच्यांना ते नको असतात. इश्यू चांगला असेल तर चार-दोन हाती लागतील. वाईट असेल तर मागाल तेवढे.

आणि १५० चा भाव? ९७ वरून १५० म्हणजे ५५ टक्के, सहा महिन्यांत, आणि तेही मालकाला न घेण्यासारख्या वाटलेल्या शेअरवर. ही आकडेमोड कशावरून केली, ते त्यांच्याकडून लेखी मागा.

पीक कर्जाला हात लावू नका. ते स्वस्त आहे, वेळेत फेडले तर चार टक्क्यांपर्यंत पडते, आणि त्या स्वस्ताईचाच मोह होतो. पण ते पैसे फवारणीचे, खताचे, राखणदाराचे. मोहोरावर भुरी दिसली तेव्हा पैसे शेअरात अडकलेले असतील तर तुम्ही ९७ ला नव्हे, त्या दिवशी जो भाव असेल त्याला विकाल. एफडीही राहू द्या. शेअरमधले तुमचे सगळे पैसे आधीच या एका कंपनीत आहेत, त्यात आणखी दीड लाख नको.

मात्र काहीच न करणे सर्वांत महाग पडेल. रेकॉर्ड डेटनंतर तुमच्या डिमॅट खात्यात २,००० हक्क जमा होतील, कंपनीच्या नावापुढे RE असे दिसेल. ते शेअरसारखेच बाजारात विकता येतात. आपल्या हिशेबाने एकाचे २२, एकूण ४४ हजार. प्रत्यक्षात थोडे कमी मिळतील, कारण घेणाऱ्यालाही जोखीम असते. विकलेही नाहीत आणि पैसेही भरले नाहीत, तर इश्यू बंद होताच ते रद्द होतात आणि ४४ हजार गेले. गुहागरच्या एका निवृत्त शिक्षकांचे असेच गेले. खात्यात आलेले ते काय आहे, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. हक्कांचा बाजारातला व्यवहार इश्यू बंद होण्याच्या काही दिवस आधीच थांबतो. ती तारीख लेटर ऑफ ऑफरमध्ये असते, शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. विक्रीची पूर्ण रक्कम भांडवली नफा धरली जाते, खरेदी किंमत शून्य. विवरणपत्र भरताना सीएला सांगा.

उरलेले ४,००० शेअर घाबरून लगेच विकायचे कारण नाही. घोषणेतून जे कळायचे ते १०८ च्या भावात आलेले आहे, ते १२ रुपये आता विकून परत येणार नाहीत. पण एवढी रक्कम एकाच ठिकाणी ठेवण्याचे कारणही मला दिसत नाही. हक्क विकून झाले की निम्मे शेअर दोन-तीन टप्प्यांत काढा आणि निर्देशांक फंडात टाका. सासऱ्यांनी कधी आणि काय भावाने घेतले होते ती कागदपत्रे आधी शोधा. कर त्यांच्या खरेदीवरून ठरेल.