विश्वसनीयता आणि सप्रमाणता

प्रश्न : संशोधन आराखड्यात चिंतामापनासाठी ‘जीएडी-७ ची विश्वसनीयता ०.९२ असल्याने ती वैध आहे’ असं लिहिलं आहे. हे वाक्य बरोबर आहे का? ‘व्हॅलिडिटी’ला वैधता म्हणावं की सप्रमाणता?

सप्रमाणता म्हणावं. ‘वैध’ म्हटलं की मराठी वाचकाला कायदा आठवतो. ‘सप्रमाण’मध्ये मात्र ‘पुरावा काय?’ हा प्रश्न आपोआप येतो, आणि इथे तोच विचारायचा असतो.

वाक्यातली खरी चूक ‘असल्याने’ या शब्दात आहे. ‘विश्वसनीय’ म्हणजे विश्वास ठेवावा असं, हा रोजचा अर्थ इथे फसवतो. शास्त्रात विश्वसनीयता म्हणजे मोजण्यातला सुसंगतपणा, एवढंच. तोही एका प्रकारचा नसतो. ०.९२ हा २००६च्या मूळ अभ्यासातला क्रोनबाख अल्फा आहे. जीएडी-७ या प्रश्नावलीतल्या सातही प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात, ते तो सांगतो. ‘काळजी थांबवता येत नाही’ आणि ‘फार काळजी वाटते’ असे जवळचे प्रश्न शेजारी असले की अल्फा चढतो, म्हणून ०.९२चं फार अप्रूप नको. तीच प्रश्नावली आठवड्याच्या आत पुन्हा भरून घेतली तेव्हा सहसंबंध ०.८३ आला. उपचारापूर्वी आणि नंतर मोजणार असाल, तर तुमच्या कामाचा आकडा हा आहे.

चिंताच मोजली जाते की दुसरंच काही, हे यातल्या कोणत्याच आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी त्याच अभ्यासात तज्ज्ञांनी घेतलेल्या निदान-मुलाखतीशी तुलना केली होती. २१ पैकी १० किंवा अधिक गुण ही सीमा धरली, तर सामान्यीकृत चिंताविकार असलेल्यांपैकी ८९% सापडले (संवेदनशीलता) आणि नसलेल्यांपैकी ८२% बरोबर वगळले गेले (विशिष्टता). सप्रमाणतेचा पुरावा तो हा.

पण हाही पुरावा कोणावर वापरता त्यावर तोलावा लागतो. समजा, सामान्य दवाखान्यातले १००० जण तपासले आणि त्यांत १०० जणांना विकार आहे. ८९ सापडतील, पण विकार नसलेल्या ९०० पैकी १६२ जणही सीमा ओलांडतील. म्हणजे निवडलेल्या २५१ पैकी खरे रुग्ण जेमतेम ३५%. मनोविकार बाह्यरुग्ण विभागात निम्म्यांना विकार असेल, तर त्याच सीमेवर हे प्रमाण ८३% होतं. म्हणून फक्त गुणांवर सहभागी निवडू नयेत. सीमा ओलांडणाऱ्यांची निदान-मुलाखत घ्यावी.

हे सगळे आकडे इंग्रजी प्रश्नावलीचे आहेत. मराठी भाषांतर वापरणार असाल तर ते उसने घेता येत नाहीत, तुमच्याच नमुन्यावर अल्फा पुन्हा काढावा लागतो.

आराखड्यात असं लिहा : ‘मूळ अभ्यासात जीएडी-७ ची अंतर्गत सुसंगती ०.९२ आणि पुनर्चाचणी विश्वसनीयता ०.८३ होती. १० या सीमेवर तज्ज्ञ-मुलाखतीच्या तुलनेत संवेदनशीलता ८९% व विशिष्टता ८२% आढळली. सीमा ओलांडणाऱ्यांचं निदान मुलाखतीने निश्चित केलं जाईल.’