राज्यघटनेच्या बारा अनुसूची आणि शनिवारवाडा ते मंडई

एमपीएससीसाठी बारा अनुसूची क्रमाने पाठ करायच्या असतील, तर पुण्यातील शिवाजी रस्त्यावरून एकदा स्वतः चालत जाऊन बारा ठिकाणे ठरवा आणि प्रत्येक ठिकाणी क्रमाने एकेका अनुसूचीचे चित्र मनात उभे करा. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर राज्ये व केंद्रशासित प्रदेशांचा भलामोठा नकाशा टांगा, लाल महालात पगाराच्या नोटा उधळा, दगडूशेठच्या मंदिरात शपथ घेणारा मंत्री उभा करा आणि तुळशीबागेतील भांड्यांच्या ढिगावर राज्यसभेच्या खुर्च्या रचा.

गोंधळ होतो तो पाचव्या आणि सहाव्या अनुसूचीत, कारण दोन्ही आदिवासी भागांविषयी आहेत. म्हणून मंडईत तारपा वाजवणारे वारली नाचवा, कारण पालघरमधील अनुसूचित क्षेत्रे पाचवीत येतात. पुढच्या चौकात मात्र त्रिशुळावर चहाची किटली ठेवा, तिच्यातून ढग निघू द्या आणि आत मिरची टाका: चहा म्हणजे आसाम, ढग म्हणजे मेघालय, त्रिशूळ म्हणजे त्रिपुरा, मिरची म्हणजे मिझोराम. चित्र जितके विचित्र आणि हलते, तितके ते टिकते.

उजळणी त्याच रात्री, मग दुसऱ्या, चौथ्या, आठव्या, पंधराव्या आणि तिसाव्या दिवशी करावी. वही मिटून, कधी उलट क्रमाने, तर कधी थेट नवव्या ठिकाणापासून. एखादे ठिकाण रिकामे दिसले, तर तेथील चित्र बदलावे आणि तेवढ्याच ठिकाणाची उजळणी पुन्हा पहिल्या रात्रीपासून सुरू करावी. ही यादी पक्की होईपर्यंत त्याच रस्त्यावर दुसरी यादी मांडू नये, कारण जुनी चित्रे नव्यांत मिसळतात.