वाटणीपत्रासाठी कुलमुखत्यारपत्र: चुलतभावाच्या नावे नको

प्रश्न: मी कतारला असतो. रत्नागिरी जिल्ह्यात गावी घर आणि जमीन सामायिक आहे, वाटणीपत्र नोंदवायचं ठरलंय. मला रजा नाही. चुलतभावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून पाठवलं तर चालेल का? ॲटेस्टेशन कुठून करायचं?

उत्तर:

ॲटेस्टेशन दोह्याच्या भारतीय दूतावासातून करा. चुलतभावाच्या नावे मात्र करू नका. त्याच वाटणीत त्याचाही हिस्सा असणार, मग तुमच्या वतीने सही करणारा आणि समोरून घेणारा एकच माणूस होतो.

माझे मिस्टर कुवेतला. आमच्या घरातही वाटणी निघाली तेव्हा थोरल्या दिरांनी सगळं परस्पर ठरवलं होतं: पत्र चुलत दिरांच्या नावे, कारण 'बाईमाणूस कचेरीत कशाला?' वीस वर्षं घर, कलमांची राखण, घरपट्टी, शेतसारा सगळं मी बघते, पण सही करायला बाईमाणूस नको! कुवेतला पाठवायला त्यांनी एक पानी मसुदाही तयार करून घेतला होता. त्यात 'माझ्या सर्व मिळकतींबाबत सर्व व्यवहार करणे, विक्री करणे, पैसे घेणे' एवढंच. कुठला गट, कुठला हिस्सा, काही नाही. मी ह्यांना फोन करून सांगितलं, या कागदावर सही करायची नाही. घरात बोलणी बसली ती बसलीच.

मग वकिलांकडे बसून मी माझ्या नावे नवीन मसुदा करून घेतला. गाव, तालुका, गट नंबर, हिस्सा, क्षेत्र, आकार सगळं सातबाऱ्याप्रमाणे, आणि घराचा घर नंबर. सातबाऱ्यावर ह्यांचं घरचं नाव आणि पासपोर्टवर शाळेतलं, म्हणून दोन्ही नावं 'उर्फ' घालून लिहिली. वाटणीपत्राचा मसुदा सोबत जोडला आणि 'या मसुद्याप्रमाणेच' असे शब्द घातले. विक्री, गहाण, बक्षीस यांचा अधिकार दिलेला नाही, असं स्पष्ट लिहिलं. खास पत्र म्हणतात ते हेच. ज्याला खरोखर वाटणीच करायची आहे त्याला याहून जास्त अधिकार लागत नाही, आणि जो जास्त मागतो त्याला विचारा कशाला हवाय.

आता कामाची गोष्ट. नुसतं 'सही करणे' पुरत नाही. 'दस्तावर सही करणे, दस्त नोंदणीसाठी सादर करणे, निष्पादनाची कबुली देणे, फोटो व अंगठा देणे, मूळ दस्त ताब्यात घेणे आणि फेरफारासाठी अर्ज करणे' हे एकेक करून लिहा. कबुली म्हणजे दस्तावर सही केल्याचं निबंधकांसमोर मान्य करणं. आमच्या वेळी नोंदणी कचेरीत टेबलावरच्या माणसाने पत्र हातात घेतलं आणि ओळीओळीवरून बोट फिरवत 'कबुली' शब्दापाशी येऊनच थांबला. तो सापडल्यावर मग शिक्का बघितला. दिरांच्या मसुद्यात तो शब्दच नव्हता. तो कागद घेऊन गेलो असतो तर तिथूनच परत पाठवलं असतं.

ॲटेस्टेशनचं कारण समजून घ्या. नोंदणी अधिनियम 1908 च्या कलम 33 प्रमाणे पत्र लिहून देणारा भारताबाहेर राहत असेल, तर त्याने ते नोटरी, न्यायालय, न्यायाधीश, दंडाधिकारी किंवा भारतीय वाणिज्यदूत यांच्यासमोर सही करून त्यांच्याकडून साक्षांकित करून घ्यायचं असतं. 'समोर' हा शब्द महत्त्वाचा. खोलीवर सही करून कागद मित्राच्या हाती पाठवाल तर काही उपयोग नाही. कतार आणि कुवेत अपोस्टिलच्या करारात नाहीत, म्हणून तिथल्यांनी सरळ दूतावासात जावं. स्थानिक नोटरीचा कागद अरबीत होणार, मग त्याचं भाषांतर, मग तिथल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का, आणि शेवटी यायचं आपल्या दूतावासातच. लंडन-अमेरिकेतले लोक नोटरी आणि अपोस्टिल करतात ते त्यांना चालतं. पण अपोस्टिल म्हणजे नोटरीचा सही-शिक्का खरा आहे एवढंच, आत काय लिहिलंय ते बरोबर आहे असं नव्हे.

ह्यांनी पासपोर्ट, सिव्हिल आयडी आणि पासपोर्टसकट दोन साक्षीदार नेले होते. दोह्यात काय काय मागतात ते आधी विचारून घ्या. निघण्यापूर्वी प्रत्येक पानावर शिक्का आहे का आणि जोडलेल्या मसुद्यावरही आहे का, ते तिथेच उभं राहून बघा. एक पान सुटलं तर परत रजा काढावी लागते. मूळ कागद कुरिअरने पाठवा. व्हॉट्सॲपवरचा फोटो फक्त आम्हाला बघायला.

मूळ पत्र इथे आलं की मुद्रांकाचं घड्याळ सुरू होतं. बाहेरदेशी सही झालेल्या कागदावर तो महाराष्ट्रात पहिल्यांदा पोचल्यापासून 3 महिन्यांच्या आत मुद्रांक लावावा लागतो. म्हणून कुरिअरची पावती आणि पाकीट जपून ठेवा, कधी पोचलं याचा तोच पुरावा. जिल्ह्याच्या मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयात कागद दाखवून शुल्क भरून शेरा घ्यायचा. नवरा-बायको, भाऊ-बहीण अशा जवळच्या नात्यात 500 रुपयांत भागतं. मात्र परक्याला विक्रीचा अधिकार दिलात तर खरेदीखताइतकं शुल्क अंगावर येऊ शकतं. सर्वसाधारण पत्राचा हाही एक तोटा, जो त्याची भलावण करणारे कधी सांगत नाहीत.

वाटणीपत्राच्या दिवशी मुखत्याराला घोषणापत्र द्यावं लागतं: पत्र रद्द केलेलं नाही, लिहून देणारा हयात आहे, आणि हे खोटं निघालं तर नोंदणी अधिनियमाच्या कलम 82 खाली मी शिक्षेस पात्र आहे. माणूस गेला की त्याने दिलेला अधिकार संपतो, म्हणून हा कागद आहे. मी त्या सकाळी ह्यांच्याशी व्हिडिओवर बोलले आणि मगच सही केली. तुमच्याशी असं रोज बोलणारं माणूसच मुखत्यार नेमा.

एक सांगायचं राहिलं. चुलतभावाने स्वतःशीच व्यवहार केला म्हणून तो दस्त लगेच बाद ठरतो असं नाही. करार कायद्यात कलम 215 आहे: मुखत्याराने तुम्हाला न विचारता, स्वतःच्या फायद्याचा व्यवहार केला आणि महत्त्वाची गोष्ट अप्रामाणिकपणे लपवली किंवा तुमचं नुकसान केलं, तर तुम्ही तो नाकारू शकता. पण ते कोर्टात जाऊन, वर्षानुवर्षं. तुमचा चुलतभाऊ चांगला असेलही, माझे दीरही वाईट नाहीत. पण आमच्या घरात 'विश्वास नाही का आमच्यावर?' हा प्रश्न आला तेव्हा मी विचारलं होतं, विश्वास आहे तर मग माझ्या नावे पत्र करायला हरकत काय? त्यावर कोणी काही बोललं नाही.

बायको गावी असेल तर तिच्या नावे करा. ती बोटांवर व्याज काढत असेल, सातबारा वाचायला तिला जड नाही. ती नसेल तर वाटणीत हिस्सा नसलेला मेहुणा किंवा मामेभाऊ बघा. सख्ख्या बहिणीला विचाराल तर आधी बघा, वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर तिचाही हिस्सा असू शकतो, म्हणजे तीही पक्षकारच. आणि पुढच्या रजेत गावी येणार असाल तर थांबा. इथे राहताना दिलेलं पत्र दुय्यम निबंधकांसमोरच साक्षांकित करावं लागतं, नोटरीचं नोंदणीला चालत नाही, पण मग स्वतःच वाटणीपत्रावर सही करून मोकळे व्हाल.